रिचार्ज झाला, पण अनलिमिटेड 5जी येईना? आधी प्लॅन बघा, मग फोन

सोलापुरात नवी पेठेत आमचं मोबाईलचं छोटं दुकान आहे. काच बदलणं, कव्हर, चार्जर आणि रिचार्ज. गेल्या दोन-तीन वर्षांत काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य एकच: "अण्णा, पैसे कापले, मेसेज पण आला, तरी 5जी काय येईना बघा."

असं म्हणणारा माणूस येतो तोवर त्यानं बहुतेक वेळा फोनची निम्मी सेटिंगं उलटीपालटी केलेली असतात. एपीएन, म्हणजे नेटच्या जोडणीचं सेटिंग, बदललेलं असतं, नेटवर्क रिसेट मारलेला असतो, त्यात घरच्या वायफायचा पासवर्ड उडालेला असतो. आणि खरी गोम फोनमध्ये नसतेच, ती प्लॅनमध्ये असते. म्हणून आधी प्लॅन आणि मग फोन, हा क्रम मोडू नका. प्लॅनच सुरू नसेल तर फोनमध्ये काहीही केलं तरी फरक पडणार नाही.

एक रिचार्ज, चौदा दिवस रांगेत

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाईनचं काम करणारा एक मुलगा आला होता. गिऱ्हाइकांना मोठमोठ्या फाईली आणि व्हिडिओ पाठवायचे असतात, म्हणून त्यानं 9 तारखेला अनलिमिटेड 5जी असलेला रोज 2 जीबीचा प्लॅन मारला. मेसेज आला, 'रिचार्ज यशस्वी'. तरी दुपारी एकपर्यंत त्याचा डेटा संपायचा आणि फोन रांगत चालायचा. आठवडाभर तो कंपनीलाच दोष देत बसला होता.

त्याचा फोन हातात घेतला आणि कंपनीचं अॅप उघडलं. वर लिहिलेलं होतं, चालू प्लॅन रोज 1.5 जीबी, मुदत 23 तारखेपर्यंत. जरा खाली सरकवलं तर दुसरा प्लॅन दिसला, 'Upcoming' असं लिहिलेला. म्हणजे 9 तारखेचे पैसे कुठं गेले नव्हते. नवा प्लॅन रांगेत उभा होता आणि जुना संपल्यावरच सुरू होणार होता. 9 ते 23, चौदा दिवस. या चौदा दिवसांत तो जुन्याच प्लॅनवर राहणार होता, आणि त्या प्लॅनवर अनलिमिटेड 5जी नव्हतं.

हे इतक्यांदा होतं की मी आता रिचार्ज मारण्याआधीच विचारतो, "जुना कधी संपतोय?" मुदत शिल्लक असताना नवा प्लॅन मारला की तो बऱ्याचदा असा रांगेत जातो. 'रिचार्ज यशस्वी' या मेसेजचा अर्थ एवढाच की पैसे पोचले आणि प्लॅन खात्यात जमा झाला. तो आज चालू झाला असं त्यात म्हटलेलं नसतं.

तुमच्या फोनवर हे बघायला दोन मिनिटं लागतात. कंपनीचं स्वतःचं अॅप उघडा, जिओचं असेल तर माय जिओ, एअरटेलचं असेल तर एअरटेल थँक्स. ज्या अॅपवरून पैसे भरले त्यात बघू नका, तिथं फक्त पावती असते. कंपनीच्या अॅपमध्ये चालू प्लॅनचं नाव, रोजचा डेटा आणि शेवटची तारीख वाचा. मग खाली किंवा 'My Plans' सारख्या पानावर दुसरा प्लॅन वाट बघत आहे का ते पाहा. एका घरात दोन-तीन नंबर एकाच अॅपला जोडलेले असतात, तेव्हा वर कुठला नंबर निवडलेला आहे तेही बघा. आईच्या नंबरावर मारलेला रिचार्ज मुलगा आपल्या नंबरावर शोधत बसलाय, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

प्लॅन रांगेत असेल तर त्याला आत्ताच सुरू करायचं बटण काही वेळा दिसतं. ते दाबण्याआधी स्क्रीनवरची सूचना पूर्ण वाचा. जुन्या प्लॅनच्या उरलेल्या दिवसांचं काय होणार, हे त्या सूचनेत लिहिलेलं असतं आणि एकदा दाबलं की मागं घेता येत नाही. त्या मुलाचे जुन्याचे थोडेच दिवस उरले होते आणि कामाची घाई होती, त्यामुळे त्यानं दाबलं. पण जुन्याचे चाळीस दिवस बाकी असतील तर मी म्हणेन थांबा. त्याऐवजी छोटं 5जी व्हाउचर मिळतं का ते आधी बघा. जुलै 2024 मध्ये दर वाढल्यावर मोठ्या दोन्ही कंपन्यांनी 51 रुपयांपासूनची अशी व्हाउचरं काढली होती. चालू प्लॅनवर ती चढवली की त्याच प्लॅनवर अनलिमिटेड 5जी सुरू व्हायचं. मात्र ती सगळ्या प्लॅनवर चढत नाहीत. अॅपमध्ये तुमच्या नंबरासाठी दिसलं तरच घ्या, भावाच्या फोनवर दिसलं म्हणून घेऊ नका.

प्लॅन चालू आहे, पण त्यात 5जी आहे का?

यात एक जुना गैरसमज आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये 5जी सुरू झालं तेव्हा कंपन्यांनी लोकांना सवय लागावी म्हणून ते जवळजवळ वाटलंच. जिओचा 239 चा प्लॅन असला तरी अनलिमिटेड 5जी चालायचं. 3 जुलै 2024 पासून नवे दर आले आणि जिओ-एअरटेल दोघांनीही हा फायदा रोज 2 जीबी किंवा त्याहून जास्त डेटा असलेल्या प्लॅनपुरता ठेवला. लोकांच्या डोक्यात मात्र अजून जुनं गणितच बसलंय. "आधी चालत होतं की!" चालत होतं, बरोबर आहे. पण ती ऑफर होती.

दर आणि अटी पुन्हा बदलू शकतात, म्हणून किमतीवरून किंवा फक्त जीबीच्या आकड्यावरून ठरवू नका. प्लॅनच्या तपशिलात, जिथं कॉल आणि एसएमएसची माहिती असते तिथंच, 'Unlimited 5G' अशी स्पष्ट ओळ असते. ती ओळ तुमच्या प्लॅनमध्ये दिसली पाहिजे. फक्त 'Unlimited' असं लिहिलेलं असेल तर ते कॉलबद्दल असतं. याच शब्दावर सगळ्यात जास्त माणसं फसतात.

पात्र नसलेल्या प्लॅनवर काय दिसतं, तेही ठाऊक असू द्या. कधी फोनवर 5जी चिन्हच येत नाही आणि माणूस सेटिंग शोधत बसतो. कधी चिन्ह येतं पण डेटा रोजच्या कोट्यातूनच कापला जातो, आणि माणूस म्हणतो कंपनीनं फसवलं.

5जी येतंय, तरी रोजचा 2 जीबी का संपतो?

हा प्रश्न सगळ्यात कमी समजलेला आहे. अनलिमिटेड फक्त 5जीवर वापरलेल्या डेटाला लागू असतं. फोन 4जीवर गेला की तोच डेटा रोजच्या कोट्यातून वजा व्हायला लागतो.

समजा तुम्ही सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघालात. स्टेशनवर 5जी होतं, तुम्ही सिरीयलचा एक भाग लावला. गाडी गावाबाहेर पडली की फोन गुपचूप 4जीवर जातो, आणि व्हिडिओ चालूच असतो म्हणून तुम्हाला कळतही नाही. कुर्डुवाडीपर्यंत दोन जीबीतला बराच भाग गेलेला असतो. कोटा संपला की 4जीचा वेग 64 केबीपीएसपर्यंत उतरतो. त्या वेगात व्हॉट्सअॅपचा साधा मेसेज जातो, पण फोटोसुद्धा उघडता उघडत नाही. पुण्यात उतरून पुन्हा 5जी मिळालं की वेग परत येतो, कारण 5जीवर कोट्याचं बंधन नाही.

म्हणजे 'कधी जोरात चालतंय, कधी मेल्यासारखं' अशी तक्रार असेल तर प्लॅन बहुधा ठीकच आहे, नेटवर्क बदलतंय. ही एक ओळखायची खूण आहे. प्लॅनच बिघडलेला असेल तर तो दिवसभर, सगळीकडे सारखाच बिघडलेला असतो. लांबच्या प्रवासात मी स्वतः व्हिडिओ आधीच घरी उतरवून घेतो.

आता फोन

प्लॅन चालू आहे, त्यात 5जीची ओळ आहे, आणि रांगेत काही अडकलेलं नाही. आता फोनकडे या. सगळ्यात आधी विमान मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करा, नाहीतर फोन सरळ बंद करून चालू करा. नवा प्लॅन सुरू झाल्यावर फोननं नेटवर्कशी नव्यानं जोडलं जाणं गरजेचं असतं, आणि बऱ्याच जणांचं इतक्यावरच भागतं.

नाही भागलं तर नेटवर्कचा प्रकार बघा. साध्या अँड्रॉइडमध्ये 'Settings' मध्ये सिम किंवा मोबाईल नेटवर्कच्या पानावर 'Preferred network type' असतं. सॅमसंगमध्ये 'Connections', मग 'Mobile networks', मग 'Network mode'. तिथं 5जीपासून सुरू होणारा पर्याय निवडलेला हवा. आयफोनमध्ये मोबाईल डेटाच्या पानावर 'Voice & Data' असतं, तिथं '5G Auto' किंवा '5G On' ठेवा. दोन सिम असतील तर हे त्या-त्या सिमच्या पानावर जाऊन बघायला लागतं, आणि डेटा कुठल्या सिमवर आहे तेही. 5जीचा रिचार्ज एका सिमवर आणि डेटा चालू दुसऱ्या सिमवर, अशी माणसं रोज येतात.

बॅटरी सेव्हर हा खरा लबाड. पुष्कळ फोनमध्ये तो चालू असला की 5जी आपोआप बंद होतं आणि वर कुठलीही सूचना येत नाही. तो टॉवेल कारखान्यातला मुलगा आठवतोय ना? प्लॅन सुरू केला, विमान मोड केला, तरी वर 4जीच. शेवटी वरची पट्टी खाली ओढली तर बॅटरीचं पिवळं चिन्ह. दिवसभर चार्जिंगची सोय नाही म्हणून त्यानं सेव्हर कायमचा लावून ठेवला होता. तो बंद केला आणि वीस सेकंदांत 5जी आलं. दुकानातच त्यानं एक फाईल पाठवून बघितली, मग म्हणाला, "आठवडाभर उगीच कंपनीला शिव्या घातल्या की ओ."

उन्हाळ्यात अजून एक गोष्ट घडते. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर फोन तापला की काही फोन स्वतःला वाचवण्यासाठी 5जी सोडून 4जीवर उतरतात. दुपारी येत नाही आणि संध्याकाळी येतं, असं होत असेल तर फोन सावलीत थंड करून बघा.

सॉफ्टवेअर अपडेट मागं राहिलेली असेल तर ती करा. आयफोन 12 आणि त्यापुढच्या फोनना भारतात 5जी मिळालं तेच मुळी डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या आयओएस 16.2 या अपडेटमुळे. अनेक अँड्रॉइड फोनचंही सुरुवातीला तसंच होतं.

एपीएनला हात शेवटी लावा. नेट मुळीच चालत नसेल तर ते बघायचं. 4जी नीट चालतंय आणि फक्त 5जी येत नाही, अशा वेळी एपीएनचा दोष क्वचितच असतो. आणि नेटवर्क रिसेट हा तर अगदी शेवटचा उपाय. त्यात वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या सगळं जातं.

डब्यावर 5जी लिहिलंय, तरी?

एक ताई आल्या होत्या, फोन 5जीचा, डबासुद्धा बरोबर घेऊन आल्या होत्या. प्लॅन बरोबर, सेटिंग बरोबर, माझा फोन शेजारी ठेवला तर त्यात 5जी पूर्ण. त्यांच्यात नाही. त्यांचा फोन परदेशातून कोणी नातेवाइकानं आणलेला होता.

5जीचे दोन प्रकार आहेत. एकात 5जी स्वतःच्या पायावर उभं असतं, त्याला एसए म्हणतात. दुसऱ्यात ते 4जीचा आधार घेऊन चालतं, ते एनएसए. जिओनं सुरुवातीपासून एसए लावलं, एअरटेलनं एनएसएपासून सुरुवात केली. शिवाय प्रत्येक कंपनीचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, ठरलेले असतात. जिओचं 5जी मुख्यतः n28 आणि n78 वर चालतं. फोनला हा बँड किंवा हा प्रकार कळतच नसेल तर त्याच्यावर 'बिग 5जी' असं सोन्याच्या अक्षरात लिहिलं तरी उपयोग नाही. आपल्या फोनचं नेमकं मॉडेल 'About phone' मध्ये पाहा आणि बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाईटवर त्याच मॉडेलचे 5जी बँड शोधा. मॉडेलच्या शेवटच्या अक्षरात सुद्धा फरक असतो, म्हणून तेही जुळवा. त्या ताईंचं मॉडेल दुसऱ्या देशासाठी होतं आणि त्यांच्या सिमच्या नेटवर्कवर ते बसतच नव्हतं. सिम दुसऱ्या कंपनीचं घालून बघितलं तेव्हा 5जी आलं. तेव्हा ही एक सोपी चाचणी आहे: घरातल्या दुसऱ्या कोणाच्या चालू 5जी सिमनं तुमचा फोन तपासा, आणि तुमच्या सिमनं त्यांचा फोन. दोष सिमकडे आहे की फोनकडे, हे पाच मिनिटांत कळतं.

अँड्रॉइडवर अजून खोलात जायचं असेल तर डायलरमध्ये हे टाका:

```
*#*#4636#*#*
```

बऱ्याच फोनवर एक चाचणीचं पान उघडतं, सगळ्यांवर नाही. त्यात 'Phone information' निवडा. तिथली इतर बटणं दाबू नका, फक्त वाचा. जिओसारख्या एसए नेटवर्कवर 5जी चालू असेल तर 'Data Network Type' समोर `NR` दिसतं आणि 4जी असेल तर `LTE`. एनएसए नेटवर्कवर मात्र `LTE` दिसूनही 5जी चालू असू शकतं, म्हणून तिथं खालच्या 'NR State' ओळीकडे बघा, ती जोडलेली दाखवत असेल तर 5जी मिळतंय. 'EN-DC Available' समोर `true` असेल तर टॉवर 5जी द्यायला तयार आहे. 'DCNR Restricted' समोरही `true` असेल तर नेटवर्कनंच तुमच्यासाठी 5जीचा रस्ता बंद ठेवलाय, आणि मग फोनमध्ये खटपट करण्यात अर्थ नाही. स्क्रीनशॉट काढा, तो तक्रारीला उपयोगी पडतो.

टॉवरच नसेल तर

n78 हा वरचा बँड आहे. तो जाड दगडी भिंतीच्या जुन्या वाड्यात किंवा आतल्या खोलीत चटकन मरतो. एकाच गल्लीत अंगणात 5जी आणि माजघरात 4जी असं होणं अगदी सर्वसाधारण आहे. दारात येऊन बघा. तिथं आलं तर तुमची तक्रार प्लॅनची नाही, घराच्या भिंतींची आहे. आपल्या भागात सेवा आहे का ते कंपन्यांच्या वेबसाईटवरच्या कव्हरेज नकाशात दिसतं. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडच्या बाजूला नवी वस्ती असेल तर नकाशा आधी उघडाच. गड्ड्याच्या जत्रेत मात्र नकाशा हिरवा असूनही वेग येत नाही, कारण एवढी माणसं एकाच वेळी त्याच टॉवरवर असतात.

तरीही नाही आलं

इथपर्यंत सगळं बघून झालं असेल तर 198 वर फोन करा. ही तक्रारीची मोफत लाईन आहे आणि आपल्याच कंपनीच्या नंबरावरून लावायची असते. "नेट चालत नाही" असं म्हणू नका, तसं म्हटलं की ते पुन्हा फोन बंद करून चालू करायला सांगतात. असं म्हणा: अमुक तारखेला अमुक प्लॅन मारला, अॅपमध्ये तो चालू दिसतो, त्यात 'Unlimited 5G' लिहिलंय, दुसऱ्याचं सिम या फोनमध्ये 5जी दाखवतं, माझं दाखवत नाही. हे ऐकल्यावर समोरचा माणूस खात्याकडे बघतो. तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या आणि लिहून ठेवा. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि त्यासाठी डॉकेट नंबरच लागतो.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. "तुमचं सिम 5जीत बदलतो, लिंक दाबा" किंवा "ओटीपी सांगा" असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. जिओ आणि एअरटेलनं सुरुवातीलाच सांगितलं होतं की जुनं 4जी सिम 5जीसाठी चालतं, त्यामुळे 5जीसाठी नवं सिम घ्यावं लागत नाही. सिम खरंच खराब झालं असेल तर आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जा, पण ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही.